तीस दिवसांचं रेकॉर्डिंग, पंचेचाळीस दिवसांचा निकाल

ऑनलाइन देखरेखीखाली परीक्षा घेऊन देणाऱ्या कंपनीचं दरपत्रक महाविद्यालयात येतं, तेव्हा त्यात तीन आकडे ठळक अक्षरांत असतात. परीक्षार्थी किती, प्रश्नपेढीत प्रश्न किती, आणि परीक्षेचं रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार. खरेदी समितीची बैठक पहिल्या आकड्यावरच्या घासाघिशीत जाते. दुसरा आकडा मोठा दिसला की माना डोलतात. तिसऱ्यावर सहसा कोणी तोंड उघडत नाही. स्वस्त योजनेत ३० दिवस, मधल्या योजनेत ९०, महागड्या योजनेत सहा महिने किंवा वर्ष अशी उतरंड असते, आणि बजेटात जे बसेल ते घेतलं जातं.

माझं म्हणणं असं की हा तिसरा आकडा दरपत्रकातून निवडायचा नाहीच. तो परीक्षेच्या नियमांत आधी ठरलेला असला पाहिजे आणि कंपनीने तो निमूटपणे पाळला पाहिजे. पैसे वाचवायचे असतील तर रेकॉर्ड होणाऱ्या परीक्षा कमी कराव्यात. ठेवायचे दिवस कमी करून होणारी बचत विद्यार्थ्याच्या खिशातून होते, आणि त्याला ते कळतही नाही.

एक हिशेब मांडून बघू. समजा, एका स्वायत्त महाविद्यालयाची सत्र परीक्षा २ मे रोजी सुरू झाली आणि १० मे रोजी संपली. योजना ३० दिवसांची. हे दिवस कुठून मोजायचे, हे करारात बहुतेक वेळा बारीक अक्षरांत असतं, आणि ते मोजले जातात त्या-त्या पेपरच्या दिवसापासून. म्हणजे २ मेच्या पेपरचं रेकॉर्डिंग १ जूनला आपोआप पुसलं गेलं. आता निकालाकडे या. महाराष्ट्रातला विद्यापीठ कायदा परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायला सांगतो. स्वायत्त महाविद्यालयंही साधारण तेच गणित धरून चालतात. १० मेपासून ३० दिवस म्हणजे ९ जून आणि ४५ दिवस म्हणजे २४ जून. अगदी वेळेत निकाल लागला तरी पहिल्या पेपरचं रेकॉर्डिंग तेव्हा आठवडाभरापूर्वी संपलेलं असतं.

२० जूनला एका विद्यार्थिनीच्या निकालापुढे ‘राखीव’ असं येतं. चौकशी केल्यावर कळतं की प्रणालीने तिच्या पहिल्या पेपरवर संशयाच्या खुणा केल्या आहेत. चेहरा चौकटीबाहेर चौदा वेळा, दुसऱ्या व्यक्तीचा आवाज तीन वेळा. गैरप्रकार समितीपुढे तिला बोलावलं जातं. ती म्हणते, खोली एकच आहे, आजी मागून बोलत होती, आणि मी मान वळवत होते ती कच्च्या कागदाकडे. खरं असेल किंवा नसेल. ठरवायचा मार्ग एकच, तो व्हिडिओ पाहणे. पण व्हिडिओ १ जूनलाच गेला.

तरीही समितीच्या टेबलावर कागद असतो, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. अनेक योजनांत व्हिडिओ आणि संशयाचा अहवाल यांची मुदत वेगवेगळी असते. व्हिडिओ जड, म्हणून तो लवकर पुसायचा. अहवाल म्हणजे दोन पानं आणि पाच-सहा स्थिरचित्रं, तो राहू दिला तरी कुणाचं काही बिघडत नाही. परिणाम असा की आरोप टिकतो आणि त्याची शहानिशा करायचं साधन जातं. मान वळलेली असतानाचा एक क्षण चित्रात गोठलेला असतो. त्याच्या आधीचे आणि नंतरचे वीस सेकंद, ज्यांत तिने कागदावर आकडेमोड केलेली दिसली असती, ते नसतात.

या खुणांवर किती भरवसा ठेवावा, हेही पाहायला हवं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात संशोधकांनी तीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. त्यांतल्या सहा जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितलं होतं. प्रॉक्टोरिओ या प्रणालीने त्या सहांपैकी एकालाही पकडलं नाही. प्रॉक्टरयू या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये निव्वळ संगणकी देखरेख विकणं बंद केलं. कारण देताना तिने सांगितलं की, संगणकाने खुणा केलेली रेकॉर्डिंगं उघडून पाहणारे शिक्षक दहात जेमतेम एक निघतात. खूण कच्ची, ती तपासणारा माणूस दुर्मीळ, आणि तपासायची वस्तूच महिन्याभरात गायब. या तिन्हींचा गुणाकार ‘राखीव’ या एका शब्दात होतो.

९० दिवसांची योजना घेतली तर? २ मेपासून ९० दिवस म्हणजे ३१ जुलै. विद्यार्थिनीने २५ जूनला माहितीच्या अधिकारात स्वतःच्या रेकॉर्डिंगची प्रत मागितली. जनमाहिती अधिकाऱ्याला ३० दिवस मिळतात, म्हणून २५ जुलैला नकार आला, ‘सदर माहिती त्रयस्थ कंपनीकडे आहे’. पहिल्या अपिलासाठी तिला ३० दिवस आहेत आणि ते निकाली काढायला अपील अधिकाऱ्याला ३० ते ४५. तिने दुसऱ्याच दिवशी अपील केलं तरी सुनावणीची तारीख पडण्याआधी ३१ जुलै उजाडतो. पुढे दुसऱ्या अपिलासाठी कायद्याने ९० दिवस दिलेत, ते आता शोभेपुरते.

इथे कुणी म्हणेल, माहिती अधिकारात मागितलं म्हणजे ती जपून ठेवायचं बंधन येतं. नैतिक बंधन जरूर येतं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात काय म्हटलं ते लक्षात घ्यावं. विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, हा त्या निकालाचा गाजलेला भाग. कमी गाजलेला भाग असा की हा हक्क उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे जितका काळ जपायची असते तितकाच काळ चालतो, आणि त्या मुदतीपलीकडे ती जपून ठेवा असं माहिती आयोग सांगू शकत नाही. मंडळाच्या नियमांत ती मुदत तीन महिन्यांची होती. म्हणजे जपणुकीची मुदत हीच हक्काची मुदत. कागदी उत्तरपत्रिकेची मुदत निदान परीक्षा मंडळ ठरवतं, तिची नोंद असते, तिच्यावर कुणी आक्षेप घेऊ शकतं. रेकॉर्डिंगची मुदत मात्र आपण विक्रेत्याच्या तीन रकान्यांतून टिकमार्क करून ठरवतो.

मग एवढी कंजूषी कशासाठी? साठवण फार महाग असते, अशी समजूत असते. तीही तपासू. वेबकॅमचं साधं रेकॉर्डिंग सेकंदाला ३०० किलोबिट या वेगाने होतं असं धरलं, तर तासाला साधारण १३५ एमबी होतात. दीड तासाच्या पेपरला २०० एमबी. आपल्या महाविद्यालयात १,२०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाचे चार पेपर, म्हणजे ४,८०० बैठका. सगळं मिळून जवळपास एक टीबी. मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे नेहमीच्या साठवणीचा दर महिन्याला एका जीबीला दोन रुपयांच्या आसपास आहे. एक टीबी वर्षभर ठेवायला साधारण पंचवीस हजार रुपये, आणि क्वचित उघडायच्या साठवणीत टाकलं तर त्याहून पुष्कळ कमी. १,२०० विद्यार्थ्यांत वाटले तर माणशी वीस-एकवीस रुपये. महागड्या योजनेतला फरक या हिशेबात बसत नाही. दिवस महाग आहेत ते साठवणीमुळे नाहीत, दरपत्रकाला पायऱ्या हव्यात म्हणून आहेत.

खरा खर्च पहिल्या आकड्यात दडलेला असतो, परीक्षार्थींच्या संख्येत. ‘५,००० परीक्षार्थी’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते पाच हजार माणसं, पाच हजार बैठका की एका वेळी बसू शकणारी संख्या, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्या ४,८०० बैठका पाच हजारांत बसतात असं वाटतं. पण परीक्षेआधी कॅमेरा आणि माइक तपासायला प्रत्येकाची एक सराव चाचणी घ्यावी लागते. तीही बैठक म्हणून मोजली गेली तर झाल्या ६,०००. एटीकेटीचे विद्यार्थी वेगळे. शिवाय मे महिना आहे, वीज जाणारच. वीज गेल्यावर विद्यार्थी पुन्हा आत आला तर ती जुनीच बैठक पुढे चालू होते की नवी मोजली जाते, यावर हजारो रुपयांचा फरक पडतो, आणि रेकॉर्डिंगचे दोन तुकडे होतात ते वेगळंच. दुसऱ्या तुकड्याची लांबी कमी म्हणून संशयाची खूण लागलेलीही पाहायला मिळते. आणि एकाच वेळी बसण्याची मर्यादा हजाराची असेल, तर सकाळी ११ वाजता १,२०० मुलं आत शिरताना शेवटच्या दोनशेंचं काय होणार, हे ११ वाजून ५ मिनिटांनी कळतं.

आता हे ४,८०० बैठकांचं रेकॉर्डिंग पाहणार कोण? ७,२०० तास होतात. एक माणूस रोज आठ तास पाहत बसला तर ९०० दिवस. कुणी पाहणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तर खुणा करणारी प्रणाली विकत घेतली जाते. मग प्रश्न असा की जे पाहायचंच नाही ते इतकं टिपायचं तरी कशाला? वीस गुणांच्या अंतर्गत चाचणीसाठी मुलांच्या घरात कॅमेरा लावायची खरंच गरज आहे का? त्या चाचण्या पुस्तक उघडं ठेवून, प्रात्यक्षिकातून किंवा पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेने घेता येतात. चारांतले दोन पेपर असे काढले, तर बैठका निम्म्या होतात, योजना एक पायरी खाली येते, आणि उरलेल्या दोन पेपरांचं रेकॉर्डिंग वर्षभर ठेवायचे पैसे त्यातूनच निघतात.

आणि थोडे पैसे प्रश्नपेढीकडेही वळवता येतात, जिथे ते सर्वांत जास्त लागतात. ‘५०० प्रश्नांपर्यंत’ हे ऐकायला भरघोस वाटतं. पेपर ५० प्रश्नांचा आहे आणि प्रत्येकाला ५०० मधून कसेही उचललेले ५० मिळतात असं धरू. एखादा ठरावीक प्रश्न एका विद्यार्थ्याला न येण्याची शक्यता दहात नऊ. दोघांनाही न येण्याची नऊ दशांश गुणिले नऊ दशांश, म्हणजे शंभरात ८१. असं गुणत गेलं की ४४ विद्यार्थी होईपर्यंत ती शंभरात एकाच्याही खाली जाते. म्हणजे एका तुकडीतली ४४ मुलं परीक्षा देऊन बाहेर आली, की ५०० पैकी जेमतेम चार-पाच प्रश्न कुणीच न पाहिलेले उरतात. मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप जागा असेल तर दुपारच्या पाळीला पेढी फुटलेली असते. पेढी ५,००० प्रश्नांची असेल तर हीच अवस्था यायला साडेचारशेहून अधिक विद्यार्थी लागतात. आकडा मोठा असण्याचा उपयोग आहे, पण तो एका विषयापुरता असेल तर. आपल्याकडे ५०० ची मर्यादा पुष्कळदा सगळ्या खात्याची मिळून असते आणि तिच्यात बारा विषय कोंबलेले असतात.

शिवाय पेढीची लांबी वाढवताना खोली राहते का, हे पाहणं निराळं काम आहे. अभ्यासक्रमाचे पाच घटक आणि सोपा, मध्यम, कठीण अशा तीन पातळ्या धरल्या तर पंधरा कप्पे होतात. ५०० प्रश्नांतले ३०० सोप्याच कप्प्यांत असतील, आणि बहुधा असतातच, कारण सोपे प्रश्न पटापट लिहून होतात, तर कठीण कप्प्यांतले तेच पाच-सात प्रश्न प्रत्येकाला येतात. काही प्रणालींत मराठी आणि इंग्रजी रूपांतर हे दोन प्रश्न म्हणून मोजले जातात, मग ५०० चे २५० होतात. आणि रूपांतर तपासलेलं नसेल तर काय होतं ते एमएचटी-सीईटीने २०२५ मध्ये दाखवलं. ती घरून द्यायची परीक्षा नाही, केंद्रावर संगणकावर होते, देखरेख कडक असते. तरी २७ एप्रिलच्या एका पाळीत २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि सत्तावीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना ५ मे रोजी फेरपरीक्षा द्यावी लागली. कॅमेऱ्याने त्यातली एकही चूक पकडली नसती. एका प्रश्नाला दुसऱ्या प्राध्यापकाने नजर घालायला पंधरा मिनिटं धरली तरी ५०० प्रश्नांना १२५ तास लागतात. ते मानधन देऊन करून घ्यायचं काम आहे, आणि दरपत्रकातला कुठलाच रकाना ते दाखवत नाही.

माझ्या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो हलका नाही. रेकॉर्डिंग जास्त दिवस ठेवा म्हणजे मुलांच्या घरातलं चित्र जास्त दिवस परक्याच्या संगणकावर ठेवा. एका खोलीच्या घरात कॅमेऱ्यात फक्त परीक्षार्थी येत नाही. मागे दोरीवर वाळणारे कपडे, अंथरुणाला खिळलेले आजोबा, घरातली भांडणं, कधी कपडे बदलायला आडोसा शोधणारी बहीण, हे सगळं येतं. आणि ते गळूही शकतं. २०२० मध्ये प्रॉक्टरयूच्याच चार लाखांहून अधिक वापरकर्त्यांची माहिती बाहेर पडली होती. अमेरिकेत क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाने परीक्षेआधी विद्यार्थ्याला कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावली, तेव्हा २०२२ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ती घराची अवाजवी झडती ठरवली. आपल्याकडे ‘जरा लॅपटॉप फिरवून खोली दाखव’ हे इतकं सहज म्हटलं जातं की त्याला झडती म्हणायचं कुणाला सुचतही नाही.

पण या आक्षेपाचं उत्तर ‘३० दिवसांत पुसा’ हे नाही. घरात कॅमेरा लावतानाच जे खासगी होतं ते उघडं पडलेलं असतं. ते महिन्याभरात पुसून विद्यार्थ्याला खासगीपणा परत मिळत नाही, बचावाचं साधन मात्र जातं. खासगीपणा जपायची जागा टिपण्याच्या आधी आहे. कमी परीक्षा टिपा, खोली फिरवून दाखवायला लावू नका, आवाजाची गरज नसेल तर तो घेऊ नका, आणि घरी जागा नसलेल्यांना महाविद्यालयाच्या संगणक कक्षात बसायचा पर्याय द्या. जे टिपलं ते मग नीट ठेवा.

कायदाही आता या प्रश्नात उतरला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. हेतू संपला की माहिती पुसा, हे कायद्याचं मूळ सूत्र. माहिती कशासाठी घ्यायची हे जो ठरवतो तो जबाबदार, मग प्रत्यक्ष हाताळणी कंत्राटदाराने केलेली असो. म्हणजे रेकॉर्डिंग गळलं तर ‘कंपनीकडे होतं’ हे महाविद्यालयाला म्हणता येणार नाही. पण त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, वैयक्तिक माहिती आणि तिच्या हाताळणीच्या नोंदी किमान एक वर्ष राखण्याचं, आणि ते सरकारी यंत्रणांना गरज पडली तर मिळावी म्हणून. हे कलम मला आवडत नाही. सरकारला पाहता यावं म्हणून वर्षभर ठेवायचं आणि ज्याचं आहे त्या विद्यार्थ्याला महिन्याभरात ‘उपलब्ध नाही’ सांगायचं, ही उफराटी रीत झाली. पण कलम आहेच, तर ३० आणि ९० दिवसांच्या योजनांना फार भविष्य उरत नाही, आणि वर्षभराचा काळ विद्यार्थ्याच्याही कामी लावून घ्यावा.

वर्षभर ठेवायचं म्हणजे वर्षभर सगळ्यांना उघडं असं मात्र नव्हे. निकाल लागून पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत संपली, की वाद नसलेली रेकॉर्डिंगं कुलूपबंद व्हायला हवीत. ना विषयशिक्षकाला दिसतील, ना कंपनीला आपली प्रणाली सुधारण्यासाठी वापरता येतील. परीक्षा नियंत्रकाच्या लेखी आदेशाशिवाय ती उघडू नयेत आणि कुणी कधी उघडली याची नोंद राहावी. विद्यार्थ्याला स्वतःचं रेकॉर्डिंग त्या वर्षात केव्हाही पाहता यावं, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायची वेळ येऊ नये. ज्या बैठकीवर वाद आहे, तिचं आपोआप पुसणं त्याच दिवशी थांबवायचं आणि समितीचा, अपिलाचा किंवा न्यायालयाचा अंतिम निर्णय येईपर्यंत ती ठेवायची. हे थांबवण्याचं बटण बहुतेक प्रणालींत असतं. ते कुणी दाबायचं हे ठरलेलं नसतं, आणि कधी ते महागड्या योजनेतच मिळतं. अहवालाची मुदत व्हिडिओच्या मुदतीला बांधावी, व्हिडिओ गेला की त्यावरची खूणही जावी. व्हिडिओ नसताना निव्वळ खुणेवर शिक्षा देता येणार नाही, असा ठराव परीक्षा मंडळाने करायला पैसे लागत नाहीत.

निविदा काढताना एवढं विक्रेत्याला आधी कळवावं आणि मग दर मागावा. शिवाय एक गोष्ट आवर्जून विचारावी, पुसलं म्हणजे नेमकं कुठून पुसलं? मूळ साठवणीतून फाइल गेली तरी राखीव प्रतीत ती आणखी कित्येक आठवडे असू शकते, आणि खुणा तपासणाऱ्या उपकंत्राटदाराकडे वेगळी प्रत असू शकते. पुसल्याचं लेखी प्रमाणपत्र, त्यात बैठकींची संख्या आणि राखीव प्रती पुसल्याची तारीख, हे शेवटचं देयक मंजूर करण्याची अट म्हणून घालावं. कंपनीने ४,८०० बैठकांचे पैसे घेतले आणि प्रमाणपत्रात ४,३०० बैठका पुसल्याचं आलं, तर उरलेल्या पाचशेंपैकी किती वादात आहेत हे परीक्षा विभागाला आपल्या नोंदवहीवरून सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर देयक थांबवावं.